सोर्स फॉलोअरचा गेन ०.८३ वरच अडकतो: बॉडी इफेक्ट कसा ओळखायचा आणि त्यावर काय करायचं

ही तक्रार जवळपास नेहमी एकाच रूपात समोर येते. आयसीमध्ये एनमॉसचा सोर्स फॉलोअर बसवलेला असतो, खाली करंट सोर्स असतो. कागदावर गेन ०.९८ निघतो आणि सिम्युलेशनमध्ये किंवा चिपवर ०.८३ मिळतो. मग बायस करंट वाढवला जातो, ट्रान्झिस्टर रुंद केला जातो, आणि गेन तिथेच बसून राहतो. त्यात आउटपुट रेझिस्टन्स मोजायला घेतला की तो अपेक्षेच्या दुप्पट दिसतो, म्हणून `gm` च निम्मा झाला असावा अशी शंका येते आणि शोध भलत्याच दिशेला जातो.

या सगळ्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: ट्रान्झिस्टरची बॉडी जमिनीला बांधलेली आहे आणि सोर्स मात्र सिग्नलबरोबर वरखाली होतोय. खाली एक उदाहरण आकड्यांसकट सोडवतो आणि ते करतानाच निदान कसं करायचं तेही सांगतो.

आधी डीसी पाहा

गेन मोजण्याआधी आउटपुटची डीसी पातळी पाहावी, कारण बॉडी इफेक्टचा पहिला पुरावा तिथेच सापडतो आणि लोक नेमकं तेच सोडून पुढे जातात.

१.८ व्होल्टचा सप्लाय, इनपुटवर १.४ व्होल्ट, बायस करंट २०० मायक्रोअँप, ओव्हरड्राइव्ह ०.२ व्होल्ट असं धरू. शून्य बॉडी बायसला थ्रेशोल्ड ०.४५ व्होल्ट आहे. साध्या वजाबाकीने आउटपुट १.४ − ०.२ − ०.४५, म्हणजे ०.७५ व्होल्टवर यायला हवं. पण सोर्स जमिनीपेक्षा वर उचललेला आहे आणि बॉडी जमिनीवर आहे, त्यामुळे थ्रेशोल्ड ०.४५ राहत नाही. तो असा वाढतो:

```
Vth = Vth0 + γ·(√(2φF + VSB) − √(2φF))
```

`γ` ०.४५ (व्होल्टच्या वर्गमुळात) आणि `2φF` ०.८५ व्होल्ट धरले, तर हे समीकरण आणि वरची वजाबाकी एकाच वेळी जिथे जुळतात तो बिंदू ०.६२ व्होल्टचा आहे. तिथे थ्रेशोल्ड ०.५८ झालेला असतो. म्हणजे आउटपुट अपेक्षेपेक्षा सुमारे १३० मिलिव्होल्ट खाली बसलं. तुमच्या सर्किटमध्ये आउटपुट असंच शंभर-दीडशे मिलिव्होल्ट खाली दिसत असेल आणि करंट बरोबर असेल, तर संशयित जवळपास सापडलाच म्हणायचं. फक्त एक पडताळणी हवी: आउटपुट खाली आल्यामुळे खालच्या करंट सोर्सला पुरेसा व्होल्टेज उरतोय ना? इथे ०.६२ व्होल्ट भरपूर आहे. पण इनपुट कमी पातळीवर असेल तर हेच १३० मिलिव्होल्ट खालच्या ट्रान्झिस्टरला ट्रायोडमध्ये ढकलू शकतात, आणि मग गेन कमी होण्याचं कारणच वेगळं असतं.

गेन का पडतो

याचं उत्तर स्मॉल सिग्नल मॉडेल न काढताही मिळतं. बायस करंट ठरलेला आहे, म्हणून ओव्हरड्राइव्हही ठरलेला आहे. आउटपुट १०० मिलिव्होल्ट वर न्यायचं असेल, तर गेटला तेवढं वर जावं लागेलच. शिवाय सोर्स वर गेल्यामुळे थ्रेशोल्ड जेवढा वाढला तेवढंही गेटनेच भरून द्यायचं. सोर्सच्या दर व्होल्टमागे थ्रेशोल्ड किती वाढतो, तो आकडा म्हणजे `η`:

```
η = gmb/gm = γ / (2·√(2φF + VSB))
```

आपल्या बिंदूला `η` ०.१८६ येतो. आउटपुट १०० मिलिव्होल्ट हलवायला इनपुट ११८.६ मिलिव्होल्ट हलवावा लागतो. गेन झाला १/१.१८६, म्हणजे ०.८४. ट्रान्झिस्टर आदर्श, करंट सोर्स आदर्श, लोड काहीच नाही, तरीही ०.८४.

या सूत्रात `gm` कुठेच नाही, करंट नाही, रुंदीही नाही. तक्रारीतला 'काहीही केलं तरी गेन हलत नाही' हा भाग इथे उलगडतो. बाकीच्या त्रुटी आता मिळवू. `gm` = २×२०० मायक्रोअँप/०.२ व्होल्ट = २ मिलिसीमेन्स. म्हणून `gmb` ०.३७ मिलिसीमेन्स. वरच्या आणि खालच्या दोन्ही ट्रान्झिस्टरचा `ro` ५० किलोओहम धरला तर दोघांचे मिळून ०.०४ मिलिसीमेन्स.

```
Av   = gm / (gm + gmb + gds1 + gds2) = 2/2.41 = 0.83
Rout = 1  / (gm + gmb + gds1 + gds2) = 415 Ω
```

बॉडी इफेक्ट विसरला तर हेच आकडे ०.९८ आणि ४९० ओहम येतात. १ वरून ०.८३ पर्यंतच्या घसरणीत `ro` चा वाटा दोन टक्क्यांचा आहे, बाकी सगळी घसरण `gmb` ची. तरीही पुष्कळ जण चॅनलची लांबी वाढवून गेन सुधारायला जातात. त्याने त्या दोन टक्क्यांतलंच थोडं हाती लागतं.

करंट दुप्पट करून पाहण्याची चाचणी

ही चाचणी मला फार उपयोगी वाटते, कारण तिने बॉडी इफेक्ट आणि रेझिस्टिव्ह लोड यांच्यातला फरक लगेच कळतो. ट्रान्झिस्टर तोच ठेवून करंट ४०० मायक्रोअँप करा. ओव्हरड्राइव्ह ०.२८ व्होल्टवर जातो, `gm` २.८३ मिलिसीमेन्स होतो. गेन कुठल्यातरी रेझिस्टिव्ह लोडमुळे पडत असता, तर तो आता ठळकपणे सुधारला असता. पण ओव्हरड्राइव्ह वाढल्यामुळे आउटपुट आणखी खाली, ०.५५ व्होल्टवर येतं, `VSB` कमी होतो, आणि `η` वाढून ०.१९० होतो. `ro` ही निम्मे होतात. गेन येतो ०.८२. करंट दुप्पट केला आणि गेन किंचित कमीच झाला. असं दिसलं की लोडकडे बघणं थांबवावं.

ट्रान्झिस्टर रुंद करत गेलात तरी सुटका नाही. रुंदीबरोबर ओव्हरड्राइव्ह कमी होतो, सोर्स थोडा वर जातो, `η` थोडा घटतो, एवढंच. पुढे ट्रान्झिस्टर वीक इन्व्हर्जनमध्ये शिरला की गेन १/n शी जाऊन थांबतो. तिथला `n` म्हणजे सबथ्रेशोल्ड स्लोपमधला तोच गुणक, आणि तो १ पेक्षा मोठाच असतो.

सिम्युलेशन उलटं सांगत असेल तर

कधी तक्रार उलटी असते: सिम्युलेशनमध्ये ०.९८ मिळालं, चिपवर ०.८३ आलं. अशा वेळी दोन ठिकाणी पाहावं.

पहिलं ठिकाण मॉडेल. लेव्हल १ मॉडेलमध्ये `GAMMA` दिलेला नसेल आणि तो काढता यावा असे सबस्ट्रेट डोपिंगचे आकडेही नसतील, तर स्पाइस तो शून्य धरतं. फक्त `VTO`, `KP` आणि `LAMBDA` लिहून केलेल्या झटपट नेटलिस्टमध्ये बॉडी इफेक्ट अस्तित्वातच नसतो, आणि त्याबद्दल कुठलीही सूचना येत नाही. खालची नेटलिस्ट एनजीस्पाइसमध्ये चालवून पाहा:

```
* source follower
vdd vdd 0 1.8
vin in 0 1.4
m1 vdd in out 0 nch w=6u l=0.18u
ib out 0 200u
.model nch nmos level=1 vto=0.45 kp=300u gamma=0.45 phi=0.85
.control
op
print v(out) @m1[gm] @m1[gmbs]
tf v(out) vin
print all
.endc
.end
```

`LAMBDA` मुद्दाम दिलेला नाही, म्हणजे फक्त बॉडी इफेक्ट उरतो. `tf` गेन आणि आउटपुट रेझिस्टन्स एकाच वेळी देतं: ०.८४ आणि सुमारे ४२२ ओहम. आता `gamma=0.45` काढून टाका. आउटपुट ०.७५ व्होल्टवर चढतं, गेन १ होतो, रेझिस्टन्स ५०० ओहम होतो. फाउंड्रीच्या मॉडेलमध्ये हा प्रश्न येत नाही, पण तिथेही ऑपरेटिंग पॉइंटच्या यादीत `gmbs` वाचायची सवय ठेवावी. `gmbs` ला `gm` ने भागलं की १५ ते २५ टक्क्यांच्या आसपास काहीतरी यावं. शून्य आलं तर थांबा.

दुसरं ठिकाण ट्रान्झिस्टरचा चौथा टर्मिनल. वरच्या ओळीत `m1 vdd in out 0` आहे, म्हणजे बॉडी जमिनीला. कुणी `m1 vdd in out out` लिहिलं तर सिम्युलेशन विनातक्रार चालतं आणि गेन सुंदर दिसतो. पण साध्या एन-वेल प्रोसेसमध्ये एनमॉसची बॉडी म्हणजे सगळ्या चिपचा सबस्ट्रेट. तो एकाच ट्रान्झिस्टरच्या सोर्सला बांधता येत नाही; बांधला तर तुमचं आउटपुट थेट जमिनीला जोडलं जाईल. लेआउट आणि स्किमॅटिक ताडून पाहताना ही चूक पकडली जाते, पण तोवर सगळं डिझाइन त्या खोट्या ०.९८ वर उभं राहिलेलं असतं. स्किमॅटिकमधल्या तीन टर्मिनलच्या चिन्हात बॉडी कुठे जोडली आहे ते दिसत नाही, म्हणून नेटलिस्टची ती एक ओळ डोळ्यांनी वाचलेली बरी.

आउटपुट रेझिस्टन्स दुप्पट का दिसतो

हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण इथे मोजणी बरोबर असते आणि निष्कर्ष चुकतो.

आउटपुटवर कपॅसिटरमधून २ किलोओहमचा लोड लावला. एकूण कंडक्टन्स २.४१ वरून २.९१ मिलिसीमेन्स झाला, गेन २/२.९१ म्हणजे ०.६९. आता 'फॉलोअरचा मोकळा गेन १ असतो' हे गृहीत धरून रेझिस्टन्स काढला तर २०००×(१/०.६८७ − १), म्हणजे ९११ ओहम येतात. `gm` वरून अपेक्षा ५०० ची होती. म्हणून वाटतं की `gm` निम्मा आहे.

खरं तर मोकळा गेन १ नव्हताच, ०.८३ होता. तोच सूत्रात घालायला हवा:

```
Rout = RL·(A0/AL − 1) = 2000·(0.8295/0.687 − 1) ≈ 415 Ω
```

४१५ ओहम, अगदी गणिताप्रमाणे. म्हणजे बॉडी इफेक्टने गेन कमी केला, पण आउटपुट रेझिस्टन्स वाढवला नाही, उलट कमी केला. हे नीट पटायला एक चित्र मनात ठेवावं. बॉडी एसीच्या दृष्टीने जमिनीवर आहे, म्हणून `gmb` चा करंट सोर्सच्या स्वतःच्या व्होल्टेजच्या प्रमाणात असतो. स्वतःच्याच व्होल्टेजच्या प्रमाणात करंट ओढणारी गोष्ट म्हणजे रेझिस्टर. तेव्हा बॉडी इफेक्ट म्हणजे आउटपुट आणि जमीन यांच्यामध्ये लावलेला `1/gmb` चा रेझिस्टर, इथे सुमारे २.७ किलोओहमचा. `1/gm` आणि `1/gmb` मिळून डिव्हायडर बनतो, म्हणून गेन पडतो. तेच दोन रेझिस्टर आउटपुटवरून पाहिले तर समांतर आहेत, म्हणून रेझिस्टन्सही पडतो.

मोजणीत गेनचा संबंधच येऊ द्यायचा नसेल तर इनपुट स्थिर ठेवा आणि आउटपुटमधून थोडा जादा करंट ओढा. १० मायक्रोअँप ओढल्यावर आउटपुट सुमारे ४ मिलिव्होल्ट खाली यायला हवं. २०० मायक्रोअँपच्या बायसवर १० म्हणजे पुरेसं लहान. ५० ओढलेत तर `gm` च बदलेल आणि आकडा भरवशाचा राहणार नाही.

रेझिस्टन्स कमी झाला, मग फायदा का होत नाही?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो योग्य आहे. ४९० च्या जागी ४१५ ओहम मिळाले, तर फॉलोअर लोड जास्त चांगला चालवायला हवा. तसं होत नाही. इनपुटच्या दर व्होल्टमागे आउटपुटकडे ढकलला जाणारा करंट `gm` च ठरवतो, आणि तो बदललेलाच नाही. `gmb` फक्त त्या करंटमधला काही भाग जमिनीकडे वळवतो. २ किलोओहमच्या लोडवर बॉडी इफेक्टसह गेन ०.६९ आहे, त्याच्याशिवाय ०.७९ असता.

कपॅसिटिव्ह लोडवर हेच वेगळ्या रूपात दिसतं. १ पिकोफॅरडवर बँडविड्थ बॉडी इफेक्टसह ३८४ मेगाहर्ट्झ येते आणि त्याच्याशिवाय ३२५. मोठी बँडविड्थ बघून आनंद होतो, पण दोन्हीकडे गेन आणि बँडविड्थचा गुणाकार ३१८ मेगाहर्ट्झच आहे. ट्रान्झिस्टरची स्वतःची कपॅसिटन्स इथे धरलेली नाही, ती धरली की आकडे थोडे खाली येतील.

उपाय, आणि प्रत्येकाची किंमत

सर्वांत सरळ उपाय म्हणजे पीमॉसचा फॉलोअर. एन-वेल प्रोसेसमध्ये पीमॉसला स्वतःची वेल देता येते आणि ती सोर्सला बांधता येते. सोर्स हलला की बॉडीही बरोबर हलते, `gmb` चा प्रश्न मिटतो, आणि गेन ०.९८ च्या आसपास जातो. पण आउटपुट रेझिस्टन्स त्याच `gm` ला ४९० ओहमवर परत येतो, हे लक्षात ठेवून स्पेसिफिकेशन तपासा. शिवाय होल्सची मोबिलिटी कमी, म्हणून तेवढाच `gm` मिळवायला ट्रान्झिस्टर रुंद करावा लागतो. वेल आणि सबस्ट्रेटमधली जंक्शन कपॅसिटन्स आता थेट आउटपुटवर येते, आणि वेगळ्या वेलसाठी लेआउटमध्ये अंतरही सोडावं लागतं. डीसी पातळीची दिशाही उलटते: आउटपुट इनपुटपेक्षा वर बसतं. काही सर्किटमध्ये नेमकं तेच परवडत नाही.

डीप एन-वेल उपलब्ध असेल तर एनमॉसलाही वेगळी पी-वेल देऊन ती सोर्सला बांधता येते. फायदा तोच, जादा कपॅसिटन्सची किंमतही तीच.

एका उपायाबद्दल मात्र सावध करायचं आहे. आउटपुट रेझिस्टन्स कमी करायला सुपर सोर्स फॉलोअर वापरतात, म्हणजे फॉलोअरच्या ड्रेनवरून दुसऱ्या ट्रान्झिस्टरने फीडबॅक दिलेला. रेझिस्टन्स खरोखर खूप खाली येतो, म्हणून गेनही सुधारेल असं वाटतं. मोकळा गेन मात्र सुधारत नाही. हा फीडबॅक पहिल्या ट्रान्झिस्टरचा करंट स्थिर ठेवतो, आणि करंट स्थिर असला की इनपुटला थ्रेशोल्डची वाढ भरून द्यावीच लागते. बॉडी जमिनीवर असेल तर गेन तिथेही `gm/(gm+gmb)` च, म्हणजे आपल्या उदाहरणात ०.८४. लोड लावल्यावर तो घसरत नाही, एवढी कमाई नक्की होते. अचूक १ चा गेन हवा असेल तर फॉलोअरला ऑप-अँपच्या लूपच्या आत घ्यावं लागतं, म्हणजे आउटपुटची तुलना इनपुटशी होते आणि थ्रेशोल्डचा बदल लूप स्वतः भरून काढतो.

०.८३ चा गेन पुढच्या टप्प्यात भरून काढायचं ठरवलंत तर आणखी एक गोष्ट तपासा: तो सिग्नलबरोबर बदलतो. आउटपुट ०.२ व्होल्टवर असताना `1/(1+η)` ०.८२ असतो, १ व्होल्टवर ०.८६. छोट्या सिग्नलला याने फरक पडत नाही, पण ८०० मिलिव्होल्टच्या झुल्यात गेन चार-पाच टक्क्यांनी बदलला तर दुसरा हार्मोनिक दिसणारच. इनपुटचा डीसी स्वीप करून आउटपुटचा उतार काढला की हा बदल थेट दिसतो.

आणि आउटपुटवर डिजिटल क्लॉकची कुजबुज दिसत असेल, इनपुट स्वच्छ असूनही, तर तिचाही रस्ता हाच असू शकतो. बॉडी हे दुसरं गेट आहे. सबस्ट्रेटवर जो खळबळाट येतो तो `gmb/(gm+gmb+gds1+gds2)` या गेनने आउटपुटवर पोहोचतो, आपल्या उदाहरणात ०.१५ ने. सबस्ट्रेट १० मिलिव्होल्ट हलला तर आउटपुटवर १.५ मिलिव्होल्ट. हे तपासायला सिम्युलेशनमध्ये बॉडी जमिनीऐवजी एका एसी सोर्सला जोडा, इनपुटचा एसी शून्य करा आणि आउटपुट वाचा. मोठा आकडा आला तर गार्ड रिंग आणि जवळचे सबस्ट्रेट कॉन्टॅक्ट आधी बघा; तेवढ्याने भागलं नाही, तर वेगळ्या वेलचा खर्च इथे गेनसाठी नाही तरी आवाजासाठी करावा लागेल.